या चुका टाळा: चकली तेल का पिते आणि तुटते का?

भाजणीची चकली बिघडली की बहुतेक वेळा दोष भाजणीला दिला जातो. भाजणी नीट भाजलेली आणि बारीक दळलेली असेल, तर चूक उकडीत असते, म्हणजे मोहन आणि पाणी या दोन मापांत. गोंधळ होतो तो यामुळे, की मोहन जास्त झालं तरी चकली तेलकट होते आणि पाणी जास्त झालं तरी तेलकटच होते. उपाय मात्र वेगळे आहेत. म्हणून पीठ दुरुस्त करण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला हवं.

आधी माप. 2 वाट्या भाजणीला 2 वाट्या पाणी आणि 2 मोठे चमचे तेल. पाण्यात मीठ, तिखट, हळद, हिंग, तीळ, ओवा आणि हे तेल घालून खळखळून उकळी आणायची, गॅस बंद करून भाजणी एकदम घालायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. कोमट झाल्यावर लागेल तसा कोमट पाण्याचा हात लावत मळायचं. भाजणी जुनी किंवा जास्त भाजलेली असेल तर थोडं जास्त पाणी पिते, म्हणून वरचं पाणी नेहमी चमच्याचमच्याने.

आता पहिल्या घाण्यात एकच चकली सोडा. ती तेलात गेल्यावर वेढे सुटू लागले, कडेने पिठाचे कण निघून तेलात फेस आला, तर मोहन जास्त झालंय. तेलाचा थर पिठाच्या कणांना एकमेकांना धरू देत नाही, म्हणून चकली विरते आणि त्या सुटलेल्या जागांत तेल शिरतं. अशा पिठात 2 वाट्यांच्या उकडीला अर्धी वाटी भाजणी वाढवा. ती थेट कोरडी मिसळू नका. तेवढ्याच उकळत्या पाण्यात, मोहन न घालता, वेगळी उकड काढा आणि दोन्ही एकत्र मळा. थोडं मीठ-तिखटही वाढवायला विसरू नका.

पाणी जास्त झालं असेल तर खुणा वेगळ्या. चकली विरत नाही, पण सोऱ्यातून येतानाच काटे बोथट असतात, तेलातले बुडबुडे लवकर शमत नाहीत आणि गार झाल्यावर ती मऊ राहते. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. चकली बाहेर काढल्यावर त्याच पोकळ्या वरचं तेल आत ओढतात. पाणी जास्त तेवढ्या पोकळ्या जास्त. इथे दोन-तीन चमचे कोरडी भाजणी मिसळून मळलं की भागतं, कारण उकडीतलं जादा पाणी ती शोषून घेते. नंतर दहा मिनिटं झाकून ठेवा.

सोऱ्यातून तुटते ती गोष्ट बहुधा याच्या उलट असते. पीठ कोरडं पडलेलं असतं. वेढ्याच्या कडा फाटल्यासारख्या दिसल्या, की कोमट पाण्याचा हात लावून दोन मिनिटं चांगलं मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवणं ही इथली खरी चूक, कारण शेवटच्या सोऱ्यापर्यंत ते वाळतं. एका सोऱ्यापुरताच गोळा मळायचा, बाकीची उकड झाकलेली. चकली पाडून झाली की हातावर उचलून पाहा. न तुटता उचलली गेली तर पीठ बरोबर आहे. मळूनही तुटतच राहिली आणि हाताला तेल लागत असेल, तर पुन्हा मोहनाचाच प्रश्न आहे, तिथे पाणी घालून काहीही होणार नाही.

पीठ अचूक असूनही तेल प्यायली तर कढई बघा. तेल कमी तापलेलं असताना चकल्या सोडल्या की बाहेरचा थर लवकर घट्ट होत नाही. पिठाचा छोटा तुकडा टाकला की तो लगेच बुडबुड्यांसह वर यायला हवा, पण वर येताच लाल होता कामा नये. मग आच मध्यम करून तीन-चार चकल्याच सोडायच्या. कढई भरली की तेल थंडावतं. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायची, रंगावर जाऊ नका. मोठ्या आचेवर रंग आधी येतो, आत ओल राहते आणि अशी चकली दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते.

काढल्यावर झाऱ्यातच क्षणभर निथळू द्या आणि चाळणीत उभ्या ठेवा. एकावर एक आडव्या रचल्या की वरचीचं तेल खालचीत उतरतं.