घरच्या घरी मातीचा सामू आणि क्षारता कशी मोजावी

दोन प्रयोगशाळांतून एकाच शेताच्या मातीचे अहवाल आणले आणि क्षारतेचा आकडा एकीकडे ०.५ तर दुसरीकडे ०.९ आला, तर लगेच कुणाला खोटे ठरवू नका. आधी आकड्याशेजारच्या कंसात काय छापले आहे ते पाहा. १:५ की १:२.५? म्हणजे एक भाग मातीला किती भाग पाणी घातले होते? विरघळणारे क्षार तेवढेच असतात. पाणी दुप्पट केले की द्रावण पातळ होते आणि विद्युत वाहकता, म्हणजे इसी, जवळपास निम्मी भरते. सामू इतका हलत नाही, तरी पाणी वाढवल्यावर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो थोडा वरच सरकतो. महाराष्ट्रातल्या माती परीक्षणात १:२.५ हे प्रमाण रूढ आहे, म्हणून इथे तेच धरले आहे.

माती सावलीत वाळवा, लाकडी मोगरीने ढेकळे फोडा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. तिची पूड करायची नाही. १०० मिलिलिटरच्या बीकरमध्ये २० ग्रॅम माती तोलून घ्या आणि ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मोजून ओता. चमच्याने अंदाजे माती घेतली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पाण्याचीही आधी खात्री करा. घरच्या आरओचे पाणी प्यायला चांगले असले तरी त्यात क्षार उरलेले असतात, आणि त्याचीच इसी ०.१ किंवा ०.२ असू शकते. कोऱ्या पाण्यात मीटर बुडवल्यावर आकडा ०.०१ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असावा. बॅटरीचे पाणी या कसोटीला उतरले तर खुशाल वापरा.

आता काचकांडीने अधूनमधून ढवळत अर्धा तास जाऊ द्या. सामू बघायच्या क्षणी पुन्हा एकदा चांगले ढवळा आणि गढूळ द्रावणातच इलेक्ट्रोड बुडवा. त्याचा काचेचा फुगा तळाच्या गाळात रुतवू नका. वाळूच्या कणांनी काच घासली जाते आणि वाचनही लवकर स्थिरावत नाही. चिकणमाती जास्त असेल तर गाळातला आणि वरच्या निवळीतला सामू एकसारखा येत नाही. कधी इथे, कधी तिथे बुडवले की एकाच बीकरचे दोन सामू मिळतात. प्रत्येक नमुन्याला तीच खोली आणि तेवढाच वेळ द्या. आकडा मिनिटभरात थांबला की लिहून इलेक्ट्रोड लगेच बाहेर काढा.

लगेच काढायचे कारण असे की सामूच्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे दाट द्रावण असते आणि ते जोडाच्या छिद्रातून अगदी सावकाश बाहेर झिरपत असते. मिनिटभराने काही बिघडत नाही. पण गप्पांच्या नादात इलेक्ट्रोड तासभर बीकरमध्येच राहिला, तर इसीत या बाहेरच्या मिठाची भर पडते, आणि कमी क्षाराच्या मातीत ती सहज दिसून येते. अनेक नमुने करायचे असतील तर इसीसाठी वेगळे बीकर ठेवणे उत्तम.

इसी मात्र गढूळ पाण्यात मोजत नाहीत. बीकर न हलवता ठेवा आणि वर निवळ पाणी सुटले की मोजणीचा सेल अलगद त्यात सोडा. हलकी माती तासाभरात बसते. भारी काळी माती फुगते, पाणी धरून ठेवते, म्हणून ती झाकून रात्रभर ठेवावी लागते. सेलमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा कमी दिसतो. सेल हलकेच वरखाली केला की बुडबुडा निघतो. दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखे गढूळच असेल तर सोडियमचा संशय घ्या: चोपण जमिनीतली चिकणमाती सुटी होऊन पाण्यात तरंगत राहते. त्यात सामू ८.५ च्या वर असेल तर संशय आणखी बळावतो. असे पाणी गाळून घ्या, पण निवळण्यासाठी तुरटी फिरवू नका. तुरटी हाही क्षारच आहे.

इसीचा मीटर तपासायला ०.७४५ ग्रॅम कोरडे पोटॅशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करा. २५ अंश सेल्सिअसला त्याची इसी १.४१ दाखवली पाहिजे. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. त्यामुळे मीटर तापमानाची दुरुस्ती करत नसेल तर मे महिन्यातली माती उगीचच क्षारपड ठरते.

आता आकडा वाचायचा कसा? समजा, कृष्णाकाठच्या उसाच्या भारी जमिनीचा सामू ८.२ आणि इसी ०.९ आली. १:२.५ च्या नेहमीच्या कोष्टकात १ च्या आत सामान्य धरतात, म्हणून शेतकरी निर्धास्त होतो. दुसरीकडे पुस्तकात ‘क्षारयुक्त जमीन म्हणजे इसी ४ च्या वर’ असेही वाचायला मिळते. ती ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने जेमतेम भिजवून, लगदा करून काढलेल्या पाण्याची आहे. ही भारी माती लगदा होताना शंभर ग्रॅमला साधारण ६५ मिलिलिटर पाणी घेते असे धरू. आपण घातले २५० मिलिलिटर, म्हणजे जवळपास पावणेचारपट. सगळे क्षार सहज विरघळणारे असतील तर ०.९ चे सुमारे ३.४ होतात, म्हणजे मर्यादेच्या बरेच जवळ. मात्र जमिनीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळते, आणि हा गुणाकार फुगवलेला ठरतो. म्हणून याला अंदाजच समजा आणि निचऱ्याच्या खर्चाचा निर्णय घेण्याआधी संपृक्त अर्काची तपासणी करून घ्या. हलक्या रेताड जमिनीत लगद्याला पाणी कमी लागते, तिथे हाच ०.९ जास्त धोक्याचा.

मीटरपेक्षा इलेक्ट्रोड लवकर बिघडतो, आणि बहुतेकदा तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्याने. त्या पाण्यात काचेच्या पृष्ठभागावरच्या थरातले आणि आतल्या द्रावणातले आयन बाहेर जातात. त्याला ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. १०० मिलिलिटर द्रावणाला २२.४ ग्रॅम लागते. टोपीवर जमलेले पांढरे मीठ पाहून घाबरू नका, पाण्याने धुतले की जाते. भरण्याचे भोक असेल तर मोजताना उघडे, ठेवताना बंद. आणि आतल्या द्रावणाची पातळी बीकरमधल्या पातळीच्या वर हवी. दोन नमुन्यांमध्ये फुगा धुवा आणि टिश्यूने नुसता टिपून घ्या, चोळू नका.

रोज काम सुरू करताना ७ चा बफर लावून मग ९.२ चा लावा, कारण आपल्या बहुतेक काळ्या जमिनींचे सामू या दोहोंच्या दरम्यान येतात. मिलिव्होल्टमध्ये पाहता येत असेल तर एका सामूला २५ अंशाला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. तो ५३ च्या खाली गेला किंवा आकडा मिनिटामिनिटाला सरकत राहिला, तर जोडात चिकणमाती बसली आहे असे आधी समजा. इलेक्ट्रोड कोमट पोटॅशियम क्लोराइडमध्ये तासभर ठेवा. तेवढ्याने भागले नाही तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात पंधरा मिनिटे बुडवून धुवा, पुन्हा पोटॅशियम क्लोराइडमध्ये मुरू द्या आणि बफर नव्याने लावा. एवढे करूनही फरक वाढला नाही तर इलेक्ट्रोड बदलायचा. पेनासारख्या स्वस्त मीटरमध्ये आतले द्रावण जेलच्या रूपात असते, ते पुन्हा भरता येत नाही. तिथे नुसते टोक मिळते का, हे घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा.