गाइडना विषय सुचवणारा मेल : या चुका टाळा

‘आदरणीय मॅडम, मला ठाण्यातील तलावांच्या प्रदूषणावर डेझर्टेशन करायचे आहे. आपण गाइड व्हावे ही विनंती.’

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलं असे मेल नेहमी लिहितात. भाषा नम्र असते, चूक काही नसते, आणि तरीही उत्तर येत नाही. मुलांना वाटतं मॅडमना वेळ नाही. खरं कारण असं की या मेलला ‘हो’ म्हणायचं तर नेमकं कशाला, हेच त्यात नाही. विषय मॅडमनीच शोधायचा, आखायचा आणि मग त्यालाच होकार द्यायचा, एवढं काम त्या दोन ओळींत दडलेलं असतं.

प्रश्नाच्या जागी नुसतं क्षेत्र लिहिणं

सगळ्यांत जास्त मेल इथेच अडतात, म्हणून हेच उदाहरण पुढे नेऊ. विद्यार्थिनी नौपाड्यात राहते, कॉलेज वाशीला. ‘तलावांचं प्रदूषण’ हे क्षेत्र झालं. कुठला तलाव, त्यातलं काय मोजायचं, कधी आणि कशाशी ताडून पाहायचं, हे ठरलं की त्याचा प्रश्न होतो. तिच्या घराजवळ मासुंदा आहे, म्हणजे आपली तलावपाळी. मोजायला विरघळलेला ऑक्सिजन घेता येईल, कारण त्याची चाचणी कॉलेजच्या लॅबमध्ये होते.

तरी ‘मासुंदा तलावातील ऑक्सिजनचा अभ्यास’ असं लिहून भागत नाही. पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं. रात्री शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळेच तो वापरतात. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असतो. पाण्यात सांडपाण्याचं खतपाणी जितकं जास्त, तितकी ही तफावत मोठी. कोणी अकरा वाजता एकच बाटली भरून ‘पाणी चांगलं आहे’ म्हटलं, तर पहाटे मासे कशाने तडफडतात ते त्याला कधीच कळणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात मत्स्यपालनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. मग प्रश्न असा होतो : पावसाळ्यानंतर मासुंदा तलावात पहाटेचा ऑक्सिजन ४ च्या खाली जातो का, आणि दुपारपर्यंत किती भरून येतो?

हे वाचून मॅडम लगेच पुढचं विचारू शकतात : कारंज्याजवळ घेणार की लांब? पृष्ठभागावर की खाली? मेल वाचता वाचता शिक्षकाच्या मनात असे प्रश्न उठले, की विषय जमला असं समजा.

झेपेल का, याचा हिशेब न देणं

इथे उलटी चूकही होते. मेल वजनदार दिसावा म्हणून बीओडी, सीओडी, जड धातू, सूक्ष्मप्लास्टिक सगळं एका दमात लिहिलं जातं. एकट्या बीओडीची बाटली इन्क्युबेटरमध्ये २० अंशांवर ५ दिवस किंवा २७ अंशांवर ३ दिवस ठेवावी लागते. जड धातूंचं यंत्र कॉलेजात नसेल, तर नमुने बाहेर पैसे देऊन तपासून घ्यावे लागतात. अशी यादी वाचली की विद्यार्थ्याने अजून लॅबचा विचारच केलेला नाही, हे शिक्षकाला कळतं.

आपल्या उदाहरणात हिशेब सोपा आहे. तीन जागा, पहाट आणि दुपार अशा दोन वेळा, प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या, म्हणजे एका फेरीत १२ टायट्रेशन. ऑक्टोबरपासून पंधरा दिवसांनी एक अशा सहा फेऱ्या केल्या, तर ७२. हे एका विद्यार्थिनीला झेपतं.

खरी अडचण प्रवासाची आहे. ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीत ३०० मिलिलिटरची बाटली काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ‘फिक्स’ करावी लागते. तपकिरी गाळ बसला की ऑक्सिजन धरला गेला. गाळ पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नव्हताच म्हणायचा. फिक्स केलेली बाटली अंधारात काही तास टिकते, दिवसभर नाही. म्हणजे पहाटे सहाच्या बाटल्या दुपारच्या बाटल्यांबरोबर एकदमच वाशीला नेल्या, तर पहाटेचे आकडे भरवशाचे राहणार नाहीत. ट्रान्सहार्बरने दोन खेपा तरी कराव्या लागतील, नाहीतर काठावरच ऑक्सिजन मोजणारं विभागाचं डीओ मीटर मागावं लागेल. ही अडचण मेलमध्येच लिहा. ती लपवली तर मॅडम पहिल्या भेटीत काढतीलच. लिहिली तर तुम्ही काम डोळ्यांसमोर आणून पाहिलंय हे त्यांना दिसतं.

काय हवंय ते न सांगणं

‘मार्गदर्शन करावे’ याला उत्तर देता येत नाही. ‘गाइड व्हाल का’ हाही पहिल्याच मेलमध्ये मोठा प्रश्न आहे, कारण बऱ्याच विभागांत एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी द्यायचे हे ठरलेलं असतं आणि शेवटची यादी विभागप्रमुख लावतात. म्हणून जागा आहे का ते विचारा आणि पंधरा मिनिटं मागा. आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीचा मेल आता असा होईल (इंग्रजीत लिहिलात तरी मजकूर हाच) :

> विषय : डेझर्टेशनचा प्रस्ताव – मासुंदा तलाव, पहाट व दुपारचा ऑक्सिजन
>
> आदरणीय मॅडम,
>
> मी एम.एस्सी. भाग २ ची विद्यार्थिनी. पावसाळ्यानंतर मासुंदा तलावातील पहाटेचा ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जातो का आणि दुपारपर्यंत किती वाढतो, हे मला डेझर्टेशनसाठी तपासायचे आहे. विंकलर पद्धत मी आपल्याच प्रॅक्टिकलमध्ये शिकले, म्हणून आपल्याला लिहीत आहे.
>
> ऑक्टोबरपासून सहा फेऱ्या, तीन जागा, एकूण ७२ टायट्रेशन असा अंदाज आहे. पहाटेचे नमुने वेळेत वाशीला आणणे अवघड आहे. विभागाचे डीओ मीटर काठावर नेता येईल का? महापालिकेच्या परवानगीसाठी विभागाचे पत्र मिळू शकेल का, हेही विचारायचे आहे.
>
> यंदा आपल्याकडे जागा असल्यास या आठवड्यात पंधरा मिनिटे भेटता येईल का? मंगळवार व गुरुवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते. एका पानाचा आराखडा सोबत जोडला आहे.

खाली नाव, रोल नंबर, मोबाइल नंबर. मेल शक्यतो कॉलेजच्या आयडीवरून पाठवा, आणि आराखडा खरंच जोडलाय ना ते पाहा.

हाच मेल एकाच दिवशी चार शिक्षकांना पाठवू नका. ते एकाच स्टाफरूममध्ये बसतात, आणि ‘आपल्याच प्रॅक्टिकलमध्ये शिकले’ हे वाक्य चौघांनाही खरं असू शकत नाही. आधी एकाला विचारा. नकार आला किंवा आठवडा उलटला की पुढच्याकडे जा आणि ते वाक्य नव्याने लिहा.

उत्तर आलं, पण हवं ते नाही

‘विषय मोठा आहे’ असं आलं, तर विषय बदलू नका, एक बाजू कापा : तीन जागांऐवजी एक, किंवा सहाऐवजी चार फेऱ्या. कापलेला हिशेब त्याच मेलच्या उत्तरात पाठवा. ‘एचओडींना भेट’ याचा अर्थ बहुतेक वेळा जागावाटप व्हायचंय एवढाच असतो; आराखडा छापून घेऊन जा आणि मॅडमशी काय बोलणं झालं ते सांगा. ‘नंतर बघू’ आलं, तर तुमच्या कामाला मुदत आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. पावसाळा संपताच पहिली फेरी घ्यायची आहे, त्याआधी परवानगी हवी, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निर्णय कळला तर बरं, असं तारखेसकट कळवा.

काहीच आलं नाही, तर सात दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी लिहा, नवा मेल सुरू करू नका. त्यानंतरही शांतता असेल, तर लेक्चर संपल्यावर दारात गाठून एवढंच विचारा, ‘मॅडम, मासुंदाचा मेल मिळाला का?’