संमती सदोष असणे आणि अट शून्य असणे: करार कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी

वाणिज्य आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना करार कायदा शिकवताना आणि त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला वारंवार भेटते: ‘फसवणूक झाली, संमती मुक्त नव्हती, म्हणून करार शून्य ठरतो.’ यातला पूर्वार्ध बहुधा बरोबर असतो आणि निष्कर्ष चुकलेला असतो. ठराव व करार यांतील फरकाची व्याख्या पाठ असूनही ही गफलत होते, कारण ‘शून्य’ आणि ‘शून्यकरणीय’ या दोन परिणामांमधले अंतर प्रत्यक्ष व्यवहारात कुठे जाणवते, ते विद्यार्थ्यासमोर आलेले नसते.

भारतीय करार अधिनियम 1872 मधील कलम 2 नुसार परस्परांसाठी प्रतिफल ठरणाऱ्या वचनांचा संच म्हणजे ठराव, आणि कायद्याने अंमलात आणता येणारा ठराव म्हणजे करार. ठराव करार केव्हा होतो, याचे उत्तर कलम 10 देते: पक्ष करार करण्यास सक्षम असावेत, त्यांची संमती मुक्त असावी, प्रतिफल व उद्देश कायदेशीर असावेत आणि तो ठराव कायद्याने स्पष्टपणे शून्य घोषित केलेला नसावा. मात्र या यादीतली कोणतीही एक गोष्ट नसली की परिणाम सारखाच होतो, असे समजू नये. पक्ष अल्पवयीन असेल तर ठराव मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात स्पष्ट केले. संमती मुक्त नसेल तर मात्र बहुतेक वेळा करार अस्तित्वात येतो, आणि तो मोडायचा की ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या संमतीत दोष आहे त्याच्याकडे जातो; असा करार म्हणजे शून्यकरणीय करार.

हे एका काल्पनिक व्यवहारावर तपासू. चालू असलेला छपाईचा व्यवसाय त्याच्या नावलौकिकासह 40 लाख रुपयांना विकला जातो. वाटाघाटीत विक्रेता सांगतो की, सर्वांत मोठ्या ग्राहकाचे वार्षिक काम पुढील वर्षासाठी पक्के आहे. वास्तविक ते काम बंद करत असल्याचे त्या ग्राहकाचे पत्र विक्रेत्याला आधीच मिळालेले असते. लेखी करारात आणखी दोन अटी आहेत. एक, विक्रेता त्याच शहरात पाच वर्षे छपाईचा व्यवसाय करणार नाही. दोन, वाद झाल्यास कोणताही पक्ष कोणत्याही न्यायालयात जाणार नाही. शिवाय खरेदीदार तिथल्या व्यवस्थापकाला नव्याने नोकरीवर घेतो आणि त्याच्या नेमणूकपत्रात लिहितो की, नोकरी सोडल्यावर दोन वर्षे तो दुसऱ्या कोणत्याही छापखान्यात काम करणार नाही.

पहिला प्रश्न संमती होती का, हा आहे. कलम 13 प्रमाणे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला पाहिजे. इथे दोघेही त्याच व्यवसायाविषयी आणि त्याच किमतीविषयी बोलत होते, म्हणजे संमती आहे. पुढचा प्रश्न ती मुक्त होती का, हा. कलम 14 मध्ये संमती दूषित करणारी पाच कारणे आहेत: बळजबरी, अनुचित प्रभाव, कपट, गैरनिवेदन आणि चूक. विक्रेत्याला सत्य माहीत असून त्याने फसवण्याच्या हेतूने खोटे सांगितले, म्हणून हे कपट होय. पत्र मिळालेले नसताना त्याने तेच विधान प्रामाणिक समजुतीने केले असते, तर ते गैरनिवेदन ठरले असते. हेतूचा हा फरक नुकसानभरपाईच्या वेळी महत्त्वाचा ठरतो, पण करार रद्द करण्याचा पर्याय कलम 19 दोन्ही प्रसंगी देते. ‘चूक’ या पाचव्या कारणाचा रस्ता मात्र वेगळा आहे: मूलभूत वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्ष चुकले असतील तर कलम 20 नुसार ठराव थेट शून्य होतो, आणि एकच पक्ष चुकला असेल तर केवळ तेवढ्यावरून करार शून्यकरणीयही होत नाही, असे कलम 22 सांगते.

कलम 19 चे बारकावे नीट वाचावेत. खोट्या विधानामुळेच संमती मिळालेली असली पाहिजे; खरेदीदाराने ते विधान विचारातच घेतले नसेल, तर त्याला पर्याय मिळत नाही. तो मिळाल्यावर खरेदीदार करार रद्द करू शकतो, किंवा करार कायम ठेवून विधान खरे असते तर आपण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत आणून ठेवण्याचा आग्रह धरू शकतो. रद्द करायचे असेल तर घेतलेला लाभ परत करावा लागतो, हे कलम 64 मध्ये आहे. आणि पत्राची माहिती झाल्यावरही त्याने व्यवसाय शांतपणे चालू ठेवला, नफा घेतला, यंत्रे गहाण टाकली, तर त्याने करार स्वीकारला असा अर्थ काढला जाईल. शून्य ठरावाला असा स्वीकार जीव देऊ शकत नाही. शून्यकरणीय कराराला देतो. एखादा करार नेमका कुठल्या प्रकारातला आहे, हे ओळखण्याची माझ्या मते हीच सर्वांत चांगली कसोटी आहे. तिऱ्हाइताचा प्रश्न आला की हा फरक आणखी ठळक होतो: कपटाने मिळवलेला माल, करार रद्द होण्यापूर्वी, कोणी प्रामाणिकपणे आणि दोषाची कल्पना नसताना विकत घेतला, तर माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 29 प्रमाणे त्याला चांगली मालकी मिळते.

आता अटींकडे वळू. इथे संमतीचा संबंध नसतो. दोघांनी आनंदाने सही केली असली तरी शून्य अट शून्यच राहते. न्यायालयात जाण्याची पूर्ण मनाई करणारी अट कलम 28 मुळे शून्य आहे. वाद लवादाकडे नेण्याचे ठरवले असते तर ते चालले असते. व्यवस्थापकावरची अट कलम 27 मध्ये अडकते. त्या कलमानुसार कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा पेशा करण्यापासून कोणालाही रोखणारा ठराव तेवढ्यापुरता शून्य असतो, आणि नोकरी संपल्यानंतरचे बंधन ‘फक्त दोन वर्षांचे’ आहे हा बचाव सहसा टिकत नाही. नोकरी चालू असतानाच्या बंधनाची गोष्ट निराळी. 1967 च्या निरंजन शंकर गोळीकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेवाकाळापुरते असे बंधन मान्य केले होते. विक्रेत्यावरची पाच वर्षांची अट मात्र वाचते, कारण नावलौकिक विकणाऱ्याला ठरावीक स्थानिक मर्यादेत तसाच व्यवसाय करण्यापासून रोखता येते, असा अपवाद कलम 27 मध्येच आहे. त्या मर्यादा न्यायालयाला वाजवी वाटल्या पाहिजेत, आणि खरेदीदाराने तिथे तो व्यवसाय चालू ठेवलेला असला पाहिजे. एकाच स्वरूपाच्या दोन अटी, पण एक नोकरीतून आलेली आणि दुसरी विक्रीतून, म्हणून निकाल उलटे.

शून्य अट वेगळी काढता येण्यासारखी असेल तर उरलेला करार टिकतो. न्यायालयबंदीची अट गळाली म्हणून व्यवसायाची विक्री कोसळत नाही. ती कोसळेल की नाही, हे खरेदीदाराने कपटाच्या मुद्द्यावर काय निवडले यावर अवलंबून आहे. त्याने करार रद्द केला तर व्यवसाय विक्रेत्याकडे आणि पैसे खरेदीदाराकडे परत जातात, आणि विक्रेत्यावरचे पाच वर्षांचे बंधनही त्याबरोबर संपते. त्याने करार ठेवला तर ते बंधन लागू राहते. व्यवस्थापक मात्र दोन्ही परिस्थितींत नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या छापखान्यात रुजू होऊ शकतो.