एक्झॉस्ट फॅन हळू फिरतोय? आधी हाताने फिरवून बघा

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन मंदावला की आधी प्लग काढा आणि पात्यांवरचा तेलकट थर गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने काढा. पाती ॲल्युमिनियमची असतील तर धुण्याचा सोडा नको, काळी पडतात. मोटरला पाणी लागू देऊ नका.

मग पातं बोटाने ढकला. अलगद फिरत राहिलं, पण वीज दिल्यावर नुसतं गुणगुणत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलाय. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तंतोतंत जुळवा; जास्तीचा लावला तर मोटर तापते. कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

पातं करकरत अडत असेल किंवा शाफ्ट आडवा हलत असेल, तर बेअरिंग झिजलंय. तेल सोडून आवाज चार दिवस दबतो, एवढंच.