गळक्या गच्चीचं पत्र: चॅटबॉटकडून लिहून घेताना

सोसायटीच्या सचिवांना गळतीचं पत्र द्यायचं आहे, असं धरू. चॅटबॉटला ‘गळतीबद्दल तक्रारपत्र लिहून दे’ एवढंच सांगितलं, तर जे येतं ते कोणाचंही पत्र असतं. म्हणून आधी मजकूर आपणच लिहायचा, तोही बोलतो तसा आणि तुटक:

‘चौथ्या मजल्यावर राहते. १८ जूनपासून बेडरूमचं छत गळतंय. २ जुलैला सचिवांना व्हॉट्सॲप केला, उत्तर नाही. गच्ची बघायला आठ दिवसांत माणूस पाठवा.’

नावं आणि फ्लॅट नंबर इथे देऊ नका. त्या जागी टिंबं ठेवा, शेवटी स्वतः भरा. मग त्याखाली सूचना लिहा: ‘याचं १२० शब्दांचं पत्र कर. लिहिणारी स्त्री आहे. यात नसलेली एकही गोष्ट, तारीख किंवा नियम घालू नकोस. माझी वाक्यं शक्य तितकी तशीच ठेव.’ आपलं एखादं जुनं पत्र, नावं काढून, नमुना म्हणून सोबत दिलं तर सूर बराच जुळतो.

‘स्त्री आहे’ हे सांगावंच लागतं. नाहीतर पत्रात बरेचदा ‘मी विनंती करतो’ येतं, आणि सांगूनही एखादा ‘करतो’ मधेच डोकावतो.

आलेला मसुदा मूळ टिपणाशेजारी ठेवून वाचा. ‘हे पत्र आपणास सुखरूप मिळेल अशी आशा आहे’ ही इंग्रजीची उसनी सलामी खोडा. त्याहून घातक असतं ते ‘वारंवार तोंडी तक्रारी करूनही’. ऐकायला जोरकस वाटतं, पण आपण एकच व्हॉट्सॲप केला होता. कमिटीने ‘कधी केल्या?’ विचारलं की खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो. टिपणात ज्याचा आधार नाही ते वाक्य काढून टाका, कितीही छान असलं तरी.

नियमांचं तर विशेष पाहा. ‘उपविधी क्रमांक अमुकनुसार’ असं चॅटबॉट ठामपणे लिहितो, पण आदर्श उपविधींच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत क्रमांक बदललेले आहेत, आणि कधी कधी तो क्रमांक चक्क रचलेला असतो. आपल्या सोसायटीने स्वीकारलेली छापील प्रत उघडून कलम वाचा. सापडलं नाही तर क्रमांक गाळा. पत्राचं काही अडत नाही. ‘हे बरोबर आहे का?’ असं त्यालाच विचारणं ही पडताळणी नव्हे, तो चुकीलाही होकार देऊ शकतो.

तारखा व्हॉट्सॲपवरून आणि वार कॅलेंडरवरून ताडून पाहा. सचिवांचं नाव सोसायटीच्या नोटिशीत जसं छापलंय तसंच घाला, आणि सचिव अजून तेच आहेत ना, तेही बघा.

मग पत्र मोठ्याने वाचा. ‘सदर बाबीकडे’पाशी जीभ अडखळली, तर तिथे ‘याकडे’ लिहा. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.