मराठी सबटायटल आणि लिप्यंतराचे काम : दर ठरवताना, अचूकता मोजताना आणि वेळ जुळवताना या चुका टाळा

काही महिन्यांपूर्वी एका संस्थेने माझ्याकडे ४० मिनिटांची एक मुलाखत पाठवली. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याची भांडी घडवण्यात आयुष्य घालवलेले एक वयस्कर कारागीर त्यात बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यामागे शेजारच्या दुकानातील हातोड्याचे ठोके अखंड ऐकू येत होते. बोललेले सगळे शब्दशः टंकून काढायचे, म्हणजे मराठी लिप्यंतर, आणि त्यावरून मराठी सबटायटल असे दुहेरी काम होते, आणि मिनिटाला ३० रुपये असा दर त्यांनी निरोपातच लिहिला होता. या क्षेत्रात नव्याने येणारी मंडळी, आणि त्यांना काम देणारेही, ज्या चुका वारंवार करतात त्या जवळजवळ सगळ्या या एका कामात समोर आल्या. म्हणून त्याच कामाच्या आधाराने त्या सांगतो.

पहिली चूक म्हणजे रेकॉर्डिंग न ऐकता दर मान्य करणे. दर ज्या मिनिटाचा असतो ते चित्रफितीचे मिनिट असते, आपल्या श्रमाचे नव्हे. या दोहोंतील अंतर आवाजाच्या गुणवत्तेवर ठरते, म्हणून मी काम स्वीकारण्यापूर्वी मधली कोणतीही ३ मिनिटे घड्याळ लावून टंकलिखित करून पाहतो. सुरुवातीची मिनिटे घेऊ नयेत, कारण सुरुवातीला बोलणारा सावध असतो आणि ध्वनीही बहुधा बरा असतो. या मुलाखतीतील ३ मिनिटांना मला २१ मिनिटे लागली, म्हणजे सातपट वेळ. स्वच्छ आवाज आणि एकच वक्ता असेल तर हेच काम चार-पाच पटीत आटोपते. त्या हिशेबाने ४० मिनिटांच्या लिप्यंतरास २८० मिनिटे, ओळी पाडून वेळ बसवण्यास साधारण तिप्पट म्हणजे १२० मिनिटे, आणि शेवटी थांबत थांबत एकदा पूर्ण पाहून तपासण्यास ६० मिनिटे, असे एकूण ७ तास ४० मिनिटांचे काम दिसत होते. ३० रुपये दराने मिळणारे १,२०० रुपये या वेळेवर वाटले तर तासाला सुमारे १५६ रुपये पडतात. मला तासाला निदान २५० रुपये हवे होते, म्हणून मी मिनिटाला ४८ रुपये मागितले आणि सोबत हा संपूर्ण हिशेब लिहून पाठवला. नमुन्याची ३ मिनिटे प्रत्यक्ष पाहिल्यावर संस्थेने तो दर मान्य केला. ४८ हा आकडा माझ्या वेगाचा आणि माझ्या गरजेचा आहे. तो जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही, परंतु हिशेबाची रीत मात्र प्रत्येकाने वापरावी.

दर ठरवतानाच आणखी दोन गोष्टी लेखी असाव्यात. मुलाखतीत जवळजवळ ६ मिनिटे कोणीच बोलत नव्हते, फक्त ठोके होते, आणि ती मिनिटे वजा करावीत अशी सूचना आली. पण शब्द नाहीत याची खात्री करण्यासाठी ती मिनिटेही ऐकावीच लागतात, आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी तेथे ‘[हातोड्याचे ठोके]’ अशी नोंदही द्यावी लागते. म्हणून दर पूर्ण लांबीवर असावा. दुसरी गोष्ट भाषांतराची. ‘जाता जाता इंग्रजी सबटायटलही करून द्या’ ही विनंती हमखास येते. ते स्वतंत्र कौशल्याचे तिसरे काम आहे आणि त्याचा दर स्वतंत्रच हवा.

अचूकतेच्या बाबतीत होणारी चूक अधिक खोल आहे. ‘९८ टक्के अचूकता’ ही अट दोन्ही बाजू सहज लिहून टाकतात, पण ती कशी मोजायची हे कोणी ठरवत नाही. रूढ पद्धतीत चुकीचे पडलेले, गळालेले आणि जादा घुसलेले शब्द एकत्र मोजून त्यांना प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांच्या संख्येने भागतात आणि येणारे प्रमाण शंभर टक्क्यांतून वजा करतात. या मुलाखतीत सुमारे ४,८०० शब्द होते. म्हणजे ९८ टक्के अचूकता राखूनही त्यात ९६ चुका राहू शकतात, आणि त्या ९६ कोणत्या आहेत याविषयी टक्केवारी काहीच सांगत नाही. संस्थेने सोबत यंत्राने तयार केलेला मसुदा दिला होता. त्यात ‘मठारकाम’ हा शब्द सर्वत्र ‘मटारकाम’ असा पडला होता. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन त्याला बळकटी आणि झळाळी आणण्याच्या कामाला मठार म्हणतात, आणि संपूर्ण मुलाखत त्याभोवतीच फिरत होती. शब्दांच्या मोजणीत ही चूक आणि एखादा गळालेला ‘तर’ यांची किंमत सारखीच धरली जाते, वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या कारागिराचा व्यवसायच पुसला जातो.

म्हणून मी आता टक्केवारीसोबत शब्दयादीचा आग्रह धरतो. काम सुरू करण्यापूर्वी विषयातील पंधरा-वीस शब्द, माणसांची आणि ठिकाणांची नावे काम देणाऱ्याकडून लिहून घ्यावीत, आणि त्यांत एकही चूक राहणार नाही असे आपण मान्य करावे. मठार, कल्हई, घंगाळ, बंब हे शब्द मला एका दूरध्वनीत मिळाले. यंत्राचा मसुदा वापरायचा की नाही, याचा निर्णयही नमुन्यावरूनच घ्यावा. दर दहा शब्दांमागे एकाहून अधिक चुका असतील, तर दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावर टंकलेखन करणे मला जलद आणि निर्धोक वाटते, कारण वाचताना सुसंगत वाटणारी चुकीची ओळ डोळ्यांखालून निसटून जाते.

मराठीत अशी निसटणारी ठिकाणे ठरावीक आहेत. कारागीर म्हणाले होते, ‘आचाऱ्याने मोठं पातेलं मागवलं’. मसुद्यात ‘आचार्याने’ होते, म्हणजे स्वयंपाक्याचा गुरू झाला. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतील हा फरक शुद्धलेखन-तपासनीस पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ हे अक्षर `Shift+J` ने मिळते. संपलेल्या मजकुरात ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा कानाने पुन्हा तपासणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे. ‘त्याचं’ आणि ‘त्यांचं’ यांचेही तसेच. वडिलांविषयी बोलताना एक अनुस्वार गळाला की आदर गळतो. राहिला ‘केलं’ की ‘केले’ हा प्रश्न. बोलणाऱ्याच्या तोंडचे ‘केलं’ सबटायटलमध्ये तसेच ठेवावे असे माझे ठाम मत आहे, आणि संवादातील अशी रूपे मराठीच्या लेखननियमांनाही मान्य आहेत. त्यांचे ‘केले’ करणाऱ्या परीक्षकाने पुढे त्या दुरुस्त्या आपल्या चुकांत मोजू नयेत, म्हणून हेही आधीच ठरवून घ्यावे.

लिप्यंतर पूर्ण झाले की तेच जसेच्या तसे पडद्यावर टाकणे, ही पुढची चूक. लिप्यंतर सावकाश वाचले जाते, सबटायटलला मात्र काही सेकंदांचेच आयुष्य असते. ओळी दोनच असाव्यात आणि एक सबटायटल ७ सेकंदांपेक्षा जास्त राहू नये, ही सर्वसाधारण शिस्त आहे. कारागिरांचे एक वाक्य असे होते : ‘म्हणजे कसं, की आमच्या वडिलांनी जे हे मठाराचं काम केलं ना, ते केलं म्हणजे भांडं नुसतं चकाकत नव्हतं, तर घट्ट होत होतं.’ ही ५० अक्षरे सुमारे सहा सेकंदांत बोलली गेली. लिप्यंतरात ती सर्व राहिली. सबटायटल मी ३२ अक्षरांत बसवले :

```
118
00:14:32,400 --> 00:14:38,200
वडील मठारकाम करायचे, तेव्हा
भांडं नुसतं चकाकायचं नाही, घट्टही व्हायचं.
```

येथे सॉफ्टवेअरच्या इशाऱ्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. मी विंडोजवर ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो, आणि वाचनाचा वेग मर्यादेबाहेर गेला की ते ओळ लाल करते. पण संगणक देवनागरीतील मात्रा, हलन्त आणि अनुस्वार स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजू शकतो. ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, तर युनिकोडच्या हिशेबाने ती पंधरा चिन्हे आहेत. इंग्रजीसाठी ठेवलेली मर्यादा तशीच राहिली, तर चांगल्या ओळीही लाल होतात आणि नवखा माणूस त्या विनाकारण छाटत बसतो. मर्यादा वाढवून घ्यावी आणि शंका असेल तेथे ओळ चित्रासोबत एकदा मनात वाचून पाहावी. फाइल जतन करताना मात्र `UTF-8` हाच पर्याय निवडावा, अन्यथा काम देणाऱ्याच्या संगणकावर मराठीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात.

काम पोहोचल्यानंतर तीन दिवसांनी निरोप आला की सबटायटल मागे-पुढे होत आहेत. अशा वेळी घाईने सगळ्या ओळी सरकवू नयेत. आरंभी, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी किती सेकंदांचा फरक पडतो ते आधी लिहून काढावे. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर चित्रफितीच्या आरंभी काहीतरी जोडले किंवा कापले गेले आहे, आणि `Adjust all times` ने सर्व ओळी एकदम सरकवल्या की काम भागते. फरक हळूहळू वाढत जात असेल, तर फ्रेमच्या गतीत गोंधळ आहे. सेकंदाला ३० फ्रेम आणि २९.९७ फ्रेम यांची गल्लत झाली, तर ४० मिनिटांच्या शेवटी सुमारे अडीच सेकंदांचा फरक साचतो, आणि तेथे `Change frame rate` किंवा `Point sync` कामाला येते. फरक एखाद्या ठिकाणी अचानक उडी घेत असेल, तर त्या ठिकाणी संकलकाची कात्री चालली आहे.

माझ्या फाइलमध्ये आरंभी ६ सेकंदांचा फरक होता आणि २२व्या मिनिटानंतर तो उलट्या बाजूने ११ सेकंदांवर गेला होता. म्हणजे आरंभी ६ सेकंदांचे बोधचिन्ह जोडले होते आणि मधले १७ सेकंद काढून टाकले होते. आधी सर्व ओळी ६ सेकंद पुढे ढकलल्या, कापलेल्या भागातील चार सबटायटल काढली, त्यानंतरच्या ओळी निवडून १७ सेकंद अलीकडे आणल्या आणि कापलेल्या जागेच्या आसपासचे दोन मिनिटांचे चित्रण पुन्हा पाहिले. या सगळ्याला ४० मिनिटे लागली. ती मी त्या वेळी मोफत दिली, कारण सबटायटल अंतिम संकलन झालेल्या प्रतीवरच केले जातील आणि नंतरच्या बदलांना तासाप्रमाणे वेगळा आकार पडेल, हे वाक्य माझ्या मान्यतापत्रात नव्हते. आता ते दराच्या लगेच खालच्या ओळीत असते, आणि त्याखाली ज्या प्रतीवर काम केले तिचे नाव व नेमकी लांबी मी सेकंदापर्यंत नोंदवतो.