शिक्क्यांच्या कार्डामुळे विक्री खरंच वाढली का, हे कसं तपासावं?

समजा, चित्रकलेचं साहित्य विकणाऱ्या दुकानाचं एक ॲप आहे. दर खरेदीला एक शिक्का आणि कार्ड भरलं की ब्रश फुकट, असा खेळ त्यात सुरू करायचा आहे.

पहिली गोष्ट, कार्ड कोरं देऊ नका. जोसेफ नून्स आणि झेव्हिए ड्रेझ यांनी 2006 साली गाड्या धुण्याच्या केंद्रातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही ग्राहकांना आठ रिकाम्या घरांचं कार्ड मिळालं, तर काहींना दहा घरांचं, पण त्यातली दोन आधीच भरलेली. म्हणजे गाडी दोघांनाही आठदाच धुवून घ्यायची होती. तरी कोरं कार्ड 19 टक्के लोकांनी भरलं आणि दुसरं 34 टक्के लोकांनी.

शिक्का बिलांच्या संख्येवर नको, रकमेवर द्या. नाहीतर हुशार ग्राहक एकाच खरेदीची दोन बिलं करून घेतात, आणि अहवालात मात्र भेटी वाढलेल्या दिसतात!

आता मुख्य काम. कार्ड भरणाऱ्यांची तुलना न भरणाऱ्यांशी करू नका. भरणारे बहुतेक आधीपासूनचेच नेहमीचे ग्राहक असतात. ते तसेही आलेच असते. त्याऐवजी सुरुवातीलाच ॲपमधल्या ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडा. समजा, 2,000 जणांना कार्ड दिलं आणि 2,000 जणांना दिलं नाही. दोन महिन्यांत कार्डवाल्यांच्या 3,300 खरेद्या झाल्या, बिनकार्डवाल्यांच्या 3,000. कार्डामुळे आलेल्या खरेद्या फक्त 300. वाटलेले ब्रश 250 असतील, तर प्रश्न असा की 300 खरेद्यांच्या नफ्यातून 250 ब्रशांचा खर्च निघतो का? बऱ्याच दुकानांचा हिशेब इथेच फसतो, कारण ते सगळ्या 3,300 खरेद्या कार्डाच्या खात्यावर मांडतात.

हिशेब बक्षिसाच्या दिवशी बंद करू नका. कार्ड भरत आलं की लोक घाई करतात, पुढच्या महिन्यात घ्यायचे रंग आजच नेतात. म्हणून दोन्ही गटांवर आणखी एक-दोन महिने नजर ठेवा. कार्डवाल्यांची खरेदी नंतर तेवढीच घटली, तर विक्री वाढली नव्हती, फक्त अलीकडे सरकली होती.

दुकानात रंग वापरून बघण्याची संध्याकाळ ठेवायची असेल, तर मोजणी जरा अवघड होते. कोण येईल ते आपल्या हातात नसतं आणि येणारे मुळातच हौशी असतात. म्हणून आमंत्रणंच चिठ्ठ्या टाकून वाटा आणि ज्यांना आमंत्रण नाही त्यांना त्या दिवशी प्रवेश देऊ नका. नंतर आमंत्रित आणि अनामंत्रित यांची सरासरी खरेदी ताडून बघा. आमंत्रण मिळूनही न आलेले ग्राहक आमंत्रितांतच धरायचे. त्यांना वगळलंत, की पुन्हा हौशी लोकांचीच तुलना इतरांशी होते.